मातीचा माणूस आणि कपाळावरचं अक्षर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या गावभागातल्या छोट्या वाचनालयात संध्याकाळी गोष्टींचा कार्यक्रम असतो. गेली तीन वर्षं मी तिथे गोलेमची, म्हणजे ज्यू लोकांच्या दंतकथांमधल्या मातीच्या माणसाची गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की तेच तेच प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत शाळेतली पोरं असतात, एक निवृत्त इंजिनिअर असतात आणि मागच्या बाकावर बसणारे आमचे कुंभारमामा असतात. त्या प्रश्नांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

गोलेम म्हणजे नेमकं काय?

हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ आहे ‘अजून घडलेला नाही असा गोळा’. बायबलमधल्या स्तोत्रांत, १३९व्या स्तोत्रात, तो एकदाच येतो आणि तिथे त्याचा रोख आईच्या पोटातल्या, आकार न आलेल्या जीवाकडे आहे. पुढे तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आदमच्या पहिल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब दिलाय. पहिल्या तासाला धूळ गोळा झाली, दुसऱ्या तासाला तिचा गोलेम झाला, तिसऱ्याला हातपाय फुटले आणि चौथ्याला प्राण आला. म्हणजे त्या हिशेबाने आपल्या सगळ्यांचा मूळपुरुषसुद्धा काही वेळ गोलेमच होता. कुंभारमामांना हे फार आवडलं. चाकावरचा गोळा आणि मडकं यांच्या मधल्या अवस्थेला आपल्याकडे वेगळं नाव नाही, ते या लोकांनी ठेवलं, असं ते म्हणाले.

तो कसा बनवत? काही कृती दिलेली आहे का?

दिलेली आहे, आणि ती चांगली तपशीलवार आहे. जर्मनीतल्या वर्म्स गावचे एलाझार नावाचे एक धर्मपंडित बाराव्या-तेराव्या शतकात होऊन गेले. ‘सेफर येत्सिरा’ म्हणजे ‘घडणीचा ग्रंथ’ नावाची एक जुनी, छोटी पोथी आहे, तिच्यावर त्यांनी भाष्य लिहिलं. त्यांच्या सांगण्यानुसार माती डोंगरातली हवी, जिथे आजवर कुणी कुदळ मारलेली नाही अशी. पाणी साठवलेलं चालत नाही, वाहतं लागतं. माणसाने शुचिर्भूत होऊन पांढरे कपडे घालायचे. आणि हे काम एकट्याने करायचं नाही, दोघा-तिघांनी मिळून करायचं. ही शेवटची अट लक्षात ठेवा.

माती मळून माणसाचा आकार केला की खरं काम सुरू होतं, आणि ते सगळं अक्षरांचं आहे. हिब्रूत २२ अक्षरं. प्रत्येक अक्षराची दुसऱ्या प्रत्येक अक्षराशी जोडी लावली तर २३१ जोड्या होतात. आमच्या इंजिनिअरकाकांनी तिथल्या तिथे २२ गुणिले २१ भागिले २ करून पडताळा घेतला. या जोड्यांना ‘दारं’ म्हणतात. एकेका अवयवावर ही दारं ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या स्वरांत म्हणत जायचं. देवाने जग शब्दाने निर्माण केलं, मग अक्षरांचा योग्य क्रम ज्याला कळला त्याला त्यातला अंशभर जमेल, अशी यामागची कल्पना. वेदपाठात स्वर चुकला की अर्थ उलटतो ही समजूत आपल्याकडे आहेच, त्यामुळे हे समजायला सांगलीकराला फार लांब जावं लागत नाही.

क्रम चुकला तर?

याची एक छान गोष्ट आहे. काही शिष्य ही पोथी घेऊन बसले आणि उलट्या दिशेने म्हणत, उलट्या पावलांनी चालत गेले. त्यांच्यासमोर काही उभं राहायचं सोडा, ते स्वतःच कमरेपर्यंत जमिनीत रुतले. ओरडायला लागले, तेव्हा गुरूंनी सांगितलं की आता तीच अक्षरं सुलट्या क्रमाने म्हणत पुढे चाला. तसे ते वर आले.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात गोलेमच नाही. सगळ्यात आधीची भीती बनवणाऱ्याच्या चुकीची आहे. बनवलेला माणूस अंगावर येईल हा विचार अजून कुणाच्या डोक्यात आलेला नाही.

कपाळावर लिहिलेल्या शब्दाचं काय?

हिब्रूत ‘एमेत’ म्हणजे सत्य. त्यात तीनच अक्षरं: आलेफ, मेम आणि ताव. आलेफ वर्णमालेतलं पहिलं, ताव शेवटचं आणि मेम मधलं. हा शब्द कपाळावर आहे तोवर गोलेम चालतोफिरतो. पहिलं अक्षर, म्हणजे आलेफ, पुसलं की उरतं ‘मेत’, म्हणजे मेलेला. मातीचा माणूस मातीत जातो.

हे मराठीत कसं सांगायचं यावर मी बराच डोकं खाजवत बसलो होतो. शेवटी सातवीतल्या एका मुलीने फळ्यावर ‘अमर’ लिहिलं आणि ‘अ’ पुसला. ‘मर’ राहिलं. आलेफ हे आपल्या ‘अ’च्या जागचंच अक्षर, त्यामुळे ते अगदी चपखल बसलं. तेव्हापासून मी फळ्यावर तेच करतो, फक्त श्रेय तिला देऊन.

इथे एक पाहण्यासारखं आहे. चालू करायला २३१ दारं, दिवसच्या दिवस, उपास आणि पांढरे कपडे. बंद करायला अंगठ्याचा एक फटका. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी थांबवण्याची सोय मुद्दाम सोपी ठेवली होती. पुढे सगळा घोळ होतो तो त्या सोप्या गोष्टीपर्यंत हात न पोचल्याने.

तो बोलतो का?

नाही, आणि ओळखायची खूण तीच. तालमूदमध्ये दोन ओळींची गोष्ट आहे. रावा नावाच्या विद्वानाने एक माणूस निर्माण केला आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, झेइरांकडे पाठवला. झेइरा त्याच्याशी बोलले, त्याने उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, तू आमच्या मंडळींच्या हातचा दिसतोस, जा आपल्या धुळीत परत. संपली गोष्ट. भांडण नाही, आरडाओरडा नाही, कपाळावर अक्षरही नाही. तो पळत नाही, नाही म्हणत नाही, आणि झेइरांना त्याची भीती वाटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

याच दोन ओळींवरून शेकडो वर्षांनी एक खरोखरचा कायद्याचा प्रश्न निघाला. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात. नऊच जमली आणि दहावा गोलेम असेल तर चालेल का? हा प्रश्न साधारण १७०० च्या सुमारास झ्वी अश्केनाझी या मोठ्या रब्बींनी गंभीरपणे घेतला, कारण त्यांच्या पूर्वजांपैकी एकाने गोलेम केला होता अशी घरात समजूत होती. आधी ते गोलेमच्या बाजूने बोलतात: अनाथाला वाढवणारा जर त्याचा बाप ठरतो, तर सज्जनांनी घडवलेला हाही त्यांचा पोरच नाही का? मग म्हणतात, पण झेइरांनी त्याला धुळीत पाठवलं. तो दहावा म्हणून उपयोगी पडणार असता तर त्यांनी तसं केलं नसतं. तेव्हा, चालणार नाही. आमच्या वाचनालयात सभेची गणसंख्या भरत नाही तेव्हा हा निवाडा मला हमखास आठवतो.

मग तो मालकावर उलटतो, ही भीती आली कधी?

एकदम आली नाही. तीन पायऱ्या दिसतात, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात कळण्यासारखं जे आहे ते इथेच आहे.

पहिली पायरी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. प्रेषित यिर्मया आणि त्यांचा मुलगा बेन सिरा मिळून एक माणूस घडवतात. त्याच्या कपाळावर पूर्ण वाक्य उमटतं: ‘परमेश्वर सत्य आहे.’ आणि त्या माणसाच्या हातात सुरी असते. तो स्वतःच आलेफ खरवडून काढतो. उरतं, ‘परमेश्वर मेला आहे.’ यिर्मया घाबरून कपडे फाडतात, विचारतात, असं का केलंस? तो एका गवंड्याची गोष्ट सांगतो. एक मोठा मिस्त्री होता, त्याच्यासारखं बांधकाम कुणाला येत नसे. दोघे जण त्याच्यामागे लागले आणि त्याच्याकडून सगळी विद्या शिकले. मग भांडून वेगळे झाले आणि कमी पैशात कामं घेऊ लागले. लोक जुन्या मिस्त्रीला विसरले. तुम्हीही आता माणूस घडवलात, तो म्हणतो, उद्या लोक म्हणतील की या दोघांशिवाय दुसरा देव नाही. मग उपाय काय? तोच सांगतो, अक्षरं उलटी म्हणा. ते म्हणतात आणि तो राख-माती होतो.

नीट पाहा. इथे मातीचा माणूस बोलतो, आणि बोलतो ते शहाणपणाचं. तो कुणावर उलटत नाही, उलट स्वतःला मोडायची रीत आपणहून देतो. ज्याची भीती आहे ती घडवणाऱ्याच्या मिजाशीची. (मिस्त्रीची गोष्ट ऐकताना आमच्याकडचे दोन बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर एकमेकांकडे बघून का हसले, ते मी विचारलं नाही.)

दुसरी पायरी म्हणजे पोलंडमधल्या खेल्म गावची गोष्ट. तिच्यासाठी वेगळा प्रश्न घेतो.

खेल्मचा गोलेम किती मोठा झाला होता?

खेल्मचे रब्बी एलिया १५८३ मध्ये वारले. ते गोलेम ठेवत ही आख्यायिका त्यांच्यानंतर, सतराव्या शतकात लिहिलेली सापडते. १६७४ च्या एका जर्मन ख्रिस्ती विद्वानाच्या पत्रात ती सविस्तर आहे, आणि १८०८ मध्ये याकोब ग्रिम यांनी पोलिश ज्यूंची लोककथा म्हणून ती थोडक्यात छापली तेव्हा साऱ्या युरोपला कळली.

गोष्ट अशी. गोलेम घरात पाणी भरतो, लाकडं फोडतो, सांगाल ते करतो. बोलत नाही. घराबाहेर त्याला पाठवायचं नाही. पण तो रोज वाढतो. सुरुवातीला बुटका असतो, बघता बघता घरातल्या सगळ्यांहून दांडगा होतो. म्हणून वेळेवर आलेफ पुसून त्याची माती करायची असा नियम. एकाने आज-उद्या करत हे टाळलं. एक दिवस बघतो तर हात कपाळापर्यंत पोचेना. घाबरून त्याने युक्ती केली: गोलेमला सांगितलं, माझे बूट काढ. गोलेम वाकला. कपाळ खाली आलं, मालकाने अक्षर पुसलं. गोलेमची माती झाली आणि तो सगळा ढीग मालकाच्या अंगावर पडून तो चेंगरून मेला.

किती मोठा, हे गोष्टीत नाही, पण आम्ही एका संध्याकाळी हिशेब केला. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या शरीराची जागा सत्तर लिटरच्या आसपास भरते. कुंभारमामांनी लिटरभराच्या डब्यात ओला पोयटा ठोकून भरला आणि काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा करून पावणेदोन किलोच्या वर गेला. म्हणजे माणसाएवढा मातीचा पुतळा झाला सव्वाशे किलोचा. आता तो दुप्पट उंच झाला तर रुंदीही दुप्पट आणि जाडीही दुप्पट, म्हणजे वजन आठपट: एक टन. साडेपाच फुटी माणसाचा हात वर केला तर जेमतेम सात फुटांवर पोचतो आणि अकरा फुटी गोलेमचं कपाळ दहा फुटांच्या वर असतं. म्हणजे ज्या दिवशी हात पोचेनासा झाला त्या दिवसाच्या कितीतरी आधीच ते वजन अंगावर घेण्यापलीकडे गेलेलं होतं. उंची डोळ्यांना दिसते, वजन वाढलेलं दिसत नाही. मामा म्हणाले, बुटाची युक्ती करणारा माणूस हुशार होता, पण त्याने आयुष्यात माती उचललेली नव्हती.

या गोष्टीत गोलेम शेवटपर्यंत आज्ञेत आहे हे पुन्हा बघा. बूट काढ म्हटलं, तो वाकला. मालक मेला तो नोकराच्या बंडाने नाही, आज्ञा पाळून मोडलेल्या नोकराच्या ओझ्याने. आणि तो एकटा होता. एलाझारांनी दोघा-तिघांशिवाय करू नका असं का म्हटलं असेल, ते इथे उमगतं: दुसरा माणूस असता तर शिडी धरायला तरी झाला असता.

गंमत म्हणजे या गोष्टीला दुसरा शेवटही आहे. तो एलियांच्या वंशातल्या याकोब एम्डेन यांनी लिहून ठेवला, म्हणजे वर आलेल्या झ्वी अश्केनाझींच्या मुलाने. त्यात रब्बींना गोलेमची वाढ बघून भीती वाटते की हा जगाचा नाश करील. ते त्याच्या कपाळावरचं नाव ओढून काढतात, तेव्हा तो त्यांच्या तोंडावर ओरबाडतो. एवढंच. बाहेरच्यांनी सांगितलेल्या गोष्टीत म्हातारा चिरडून मेला, घरच्यांच्या गोष्टीत एक ओरखडा. कुठल्याही घराण्यात हे असंच असतं. पण तो ओरखडा लहान समजू नका. इथे पहिल्यांदा मातीचा हात मालकावर उठला.

प्राग शहरातला गोलेम सगळ्यात प्रसिद्ध आहे ना?

हो, आणि सगळ्यात उशिराचा आहे. प्रागचे रब्बी यहूदा लोव, ज्यांना महराल म्हणतात, हे खरेखुरे गृहस्थ. १६०९ मध्ये वारले, प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. १५९२ मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ त्यांना भेटला होता. त्यांच्याच गावात राहणाऱ्या डेव्हिड गान्स या इतिहासकाराने ती भेट नोंदवून ठेवली. त्या लिखाणात गोलेमचा एक शब्द नाही. सम्राटाच्या भेटीची नोंद करणारा माणूस गल्लीतून चालणारा मातीचा राक्षस विसरेल, हे पटत नाही.

लोवांचं नाव गोलेमशी छापील स्वरूपात जोडलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात, त्यांना जाऊन दोनशेहून अधिक वर्षं झाल्यावर. १८४७ च्या एका प्राग-कथासंग्रहातली गोष्ट तिसरी पायरी आहे. इथे अक्षर कपाळावर नाही. देवाचं नाव लिहिलेला कागद गोलेमच्या तोंडात ठेवतात. आठवडाभर तो राबतो. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस सुरू होतो, तेव्हा रब्बी तो कागद काढून घेतात. एका शुक्रवारी ते विसरले. गोलेम पिसाळून मोडतोड करत सुटला. रब्बी प्रार्थनेला उभे होते आणि शब्बाथचं ९२वं स्तोत्र सुरू झालं होतं. त्यांनी धावत जाऊन कागद काढला, गोलेम कोसळला, आणि मग स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिथल्या ‘जुनं-नवं’ नावाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, ते स्तोत्र दोनदा म्हणण्याची प्रथा आहे, तिचं कारण ही गोष्ट देते.

आज पुस्तकांत आणि चित्रांत दिसतो तो रक्षक गोलेम, ज्यू वस्तीवर खोटे आळ घेणाऱ्यांना पकडणारा, तो त्याहून नवा आहे. १९०९ मध्ये यूडल रोझेनबर्ग या पोलंडमधल्या रब्बींनी एक पुस्तक काढलं आणि हे जुन्या हस्तलिखितातून मिळालं असं सांगितलं. हस्तलिखित वगैरे काही नव्हतं, गोष्टी त्यांनीच रचल्या होत्या. ते दिवस पूर्व युरोपात ज्यूंवर हल्ले होण्याचे होते, तेव्हा संरक्षकाची गरज कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

मग गोलेम बंड करतो की नाही? एका वाक्यात सांगा.

ठरवून बंड करतो असं या जुन्या गोष्टींत दिसत नाही: एकीत तो स्वतःला मोडायला सांगतो, दुसरीत वाढतो, तिसरीत थांबवायचा राहून जातो.

एक वाक्य मागितलं होतं, पण एक प्रसंग सांगतोच. रोझेनबर्गच्याच पुस्तकात आहे. सणाची गडबड असते, रब्बींच्या बायको गोलेमला रांजणात पाणी भरायला सांगतात आणि बाहेर जातात. किती भर, ते सांगत नाहीत. तो विहिरीवरून आणतो, ओततो, पुन्हा आणतो. रांजण भरून वाहतो, खोली भरते, पाणी अंगणात येतं. त्याला कुणी ‘पुरे’ म्हटलेलं नसतं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये हा गोलेम रोज सकाळी सहाला उठतो. मोटार चालू करणारा चालू करून दूध आणायला जातो. वरची टाकी भरते, पाणी जिन्यातून खाली यायला लागतं, मग चौथ्या मजल्यावरून आरोळी येते, ‘अहो, टाकी भरली, मोटार बंद करा!’ बटण पार्किंगमध्ये कुलूपबंद खोलीत आणि किल्ली दूध आणायला गेलेली. मोटार कुणाचं वाईट चिंतत नसते. हे सांगितल्यावर पोरांना गोलेम पटकन कळतो. इंजिनिअरकाका मात्र म्हणाले, म्हणूनच टाकीत फ्लोट स्विच बसवा म्हणून मी दोन वर्षं सांगतोय.

आपल्याकडे अशा गोष्टी नाहीत का?

आहेत, पण त्या वेगळ्या वळणाने जातात. पार्वतीने अंगाच्या मळापासून घडवलेला मुलगा आठवा. दारावर उभा राहा, कुणाला आत सोडू नकोस, एवढी आज्ञा. शंकर स्वतः आले तरी त्याने सोडलं नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शब्दशः आज्ञापालन हे दुखणं तिथेही आहे. फरक पडतो तो नंतर: पार्वती त्याला मळ म्हणून विसरत नाही, माझा मुलगा परत द्या म्हणून त्रैलोक्य हादरवते. झेइरांनी ‘जा धुळीत’ म्हटलं त्याच्या हे नेमकं उलट.

पैठणच्या शालिवाहनाची गोष्टही अशीच. कुंभाराच्या घरी वाढलेल्या पोराने खेळायला केलेले मातीचे स्वार आणि हत्ती, त्यांच्यावर पाणी शिंपडून जिवंत केले आणि विक्रमाच्या सैन्यावर सोडले. लढाई जिंकल्यावर त्या मातीच्या सैन्याचं काय झालं, हे मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, पाऊस पडला असेल.

निर्मात्यावर उलटण्यासाठी आपल्याकडे भस्मासूर आहे, मराठीत तो वाक्प्रचारच होऊन बसला. पण तो मातीचा नव्हे, वर मिळालेला. आणि त्याला मारायची युक्ती बघा, खेल्मच्या बुटांसारखीच आहे: नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच डोक्यावर नेला.

एक प्रश्न दरवर्षी दबक्या आवाजात येतो: आपणही मातीच्या मूर्तीत प्राण आणतो, मग? तुलना जपून करावी. गणपतीची प्राणप्रतिष्ठा राबवून घेण्यासाठी नसते, पाहुणा म्हणून बोलावण्यासाठी असते. पण एक साम्य मला दिसतं, ते सांगतो. आणतानाच परत पाठवायचा दिवस ठरलेला असतो, दीड, पाच, सात किंवा दहा. उत्तरपूजा करून अक्षता टाकल्या आणि मूर्ती जागची किंचित हलवली की मग ती विसर्जनाला निघते. ते ‘किंचित हलवणं’ मी लहानपणापासून बघतो, आमच्याकडे ते आजोबा करत. बेंदराला देव्हाऱ्यापुढे पूजलेले मातीचे बैलही तसे मुदतीचेच असतात. गोलेमच्या गोष्टीत ही तारीखच नसते.

दगडाचे असे कुणी आहेत का?

हित्ती लोकांच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन कथांत उल्लिकुम्मी आहे. देवांचा पदच्युत राजा कुमार्बी हा एका खडकापासून त्याला जन्माला घालतो, आपलं राज्य घेणाऱ्या वादळदेवावर सूड उगवायला. तो आंधळा-बहिरा दगड समुद्रात उभा राहून आभाळापर्यंत वाढत जातो. शेवटी आकाश आणि पृथ्वी ज्या पात्याने वेगळी केली होती तेच जुनं पातं काढून त्याला पायाशी कापतात. वाढ इथेही आहे, पण उलटणं नाही. दगडाच्या बाबतीत मला एवढीच गोष्ट सांगण्याजोगी वाटते.

रोबो हा गोलेमचाच वंशज म्हणायचा का?

गाव एकच आहे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या नाटकातून आला, ते १९२१ मध्ये प्रागलाच रंगभूमीवर आलं. चेक भाषेतल्या ‘रोबोता’चा अर्थ वेठ, जमीनदाराकडे फुकट राबणं. त्या नाटकात बनवलेले कामगार खरोखर उठाव करून माणसांना मारतात. वेठबिगार म्हटलं की उठाव आलाच. बिनतोंडाच्या मातीच्या नोकराला तोंड फुटलं ते तेव्हा, असं मला वाटतं. १९६५ मध्ये इस्रायलच्या रेहोवोत गावात एका मोठ्या संगणकाचं नाव ‘गोलेम’ ठेवलं. ते नाव सुचवणारे गेर्शोम शोलेम हे या विषयातले सगळ्यात मोठे अभ्यासक होते.

प्रागच्या सिनेगॉगच्या माळ्यावर गोलेम अजून आहे म्हणतात, खरं काय?

हे तेच जुनं-नवं सिनेगॉग, १२७० च्या सुमाराचं, उंच विटांच्या त्रिकोणी भिंतीचं. मागच्या बाजूला माळ्याच्या दारापर्यंत भिंतीत लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या आहेत, पण त्या जमिनीपासून बऱ्याच उंचीवर सुरू होतात. साध्या उडीने हात पोचत नाही. गोलेमची माती तिथे वर ठेवली आहे आणि जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या चळतींखाली झाकली आहे, अशी समजूत. एगॉन एर्विन किश नावाचा प्रागचा धाडसी पत्रकार १९२० च्या आसपास खरंच वर चढून गेला आणि काय दिसलं ते लिहिलं. गोलेम काही त्याला सापडला नाही.

हे सांगितलं की पोरांची तोंडं पडतात. गेल्या वर्षी मात्र कुंभारमामांनी मागून विचारलं, ‘न भाजलेली माती ना ती? मग इतक्या वर्षांत तिचं काय राहणार? त्यानं धूळ बघितली का नीट?’ मला उत्तर आलं नाही.